विषय : क्वालिटी सुपरवायझर पदासाठीच्या अर्जाबाबत विचारणा (मुलाखत 25 सप्टेंबर 2025)

दिनांक : 6 नोव्हेंबर 2025

प्रति,
माननीय मनुष्यबळ व्यवस्थापक,
अंबड, नाशिक

सप्रेम नमस्कार.

आपल्या दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष पॅकहाऊसमधील क्वालिटी सुपरवायझर पदासाठी मी 8 सप्टेंबरला ईमेलने अर्ज केला होता. 25 सप्टेंबरला अंबडच्या ऑफिसात माझी मुलाखत झाली. त्या दिवशी आपण आणि पॅकहाऊसचे मॅनेजर सर, दोघेही हजर होतात. "दसरा झाला की कळवतो," असे आपण निघताना सांगितले होते. मुलाखतीला आज बरोबर सहा आठवडे झाले. मधल्या काळात 13 ऑक्टोबरला मी एक ईमेल पाठवला. दिवाळी झाल्यावर 27 तारखेला ऑफिसच्या नंबरवर फोनही केला. रिसेप्शनवरच्या ताईंनी निरोप लिहून घेतला, पण अजून काही कळले नाही. म्हणून पुन्हा लिहीत आहे.

यंदा पाऊस लांबला, बागांच्या गोडी छाटण्या मागेपुढे झाल्या, त्यामुळे माल कधी आणि किती येणार याचा अंदाजच बदलला असेल. अशा वर्षी पॅकहाऊसची भरतीही पुढे जाऊ शकते, हे मी समजू शकते. माझे माहेर निफाड तालुक्यातले आहे. भावाच्या बागेची छाटणीही या वर्षी दोन आठवडे उशिराच झाली. त्यामुळे उशीर झाला म्हणून माझी तक्रार नाही. अर्ज अजून विचारात आहे की जागा भरली गेली, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

हे आत्ताच विचारण्याचे कारण स्पष्ट सांगते. मी सध्या फ्रोझन भाजीपाल्याच्या युनिटमध्ये काम करते. डिसेंबरपासून तिथे मटारचा सीझन सुरू होतो आणि रात्रपाळीची पूर्ण लाइन या वेळी माझ्याकडे द्यावी, असे आमच्या साहेबांच्या मनात आहे. त्यांना मला 18 नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. आधी हो म्हणून, चाळीस बायकांची लाइन अंगावर घेऊन, ऐन सीझनमध्ये सोडून जाणे मला जमणार नाही. तसे मी कुणाशीच वागणार नाही, आपल्याकडे आले तर आपल्याशीही नाही. माझा नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे. आपला निर्णय शुक्रवार, 14 नोव्हेंबरपर्यंत कळला तर मी 15 तारखेला राजीनामा देऊन सोमवारी, 15 डिसेंबरला रुजू होऊ शकते. म्हणजे जानेवारीत निर्यातीचा माल सुरू होण्याआधी ग्रेडिंग-पॅकिंगच्या मुलींना शिकवायला दोन-तीन आठवडे हाताशी राहतील. हा वेळ मला फार मोलाचा वाटतो. मण्याचा आकार आणि रंग डोळ्याला लागला, देठाला धरूनच घड उचलायची सवय झाली, की पहिल्या कंटेनरपासून रिजेक्शन कमी येते. मण्यावरची लव एकदा बोटांनी पुसली गेली की ती परत आणता येत नाही.

मुलाखतीतले दोन मुद्दे अर्धवट राहिले होते, तेही इथे पूर्ण करते.

मॅनेजर सरांनी विचारले होते, की तोडणी होऊन आलेल्या मालाचा रेसिड्यू रिपोर्ट जुळला नाही तर काय करशील. मी तेव्हा घाईत "माल बाजूला ठेवीन" एवढेच म्हणाले. पूर्ण उत्तर असे, की ती गाडी लाइनवर घ्यायचीच नाही. ग्रेपनेटवरचा प्लॉटचा नोंदणी क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक गेटवरच ताडून पाहायचा, आणि जुळेपर्यंत त्या क्रेट दुसऱ्या शेतकऱ्याच्या मालात मिसळू द्यायच्या नाहीत. प्री-कूलिंगला उशीर होतो म्हणून कुणी घाई केली, तरी माल वेगळा टॅग लावूनच आत जाईल. एका प्लॉटच्या चुकीने सगळा कंटेनर अडकायला नको.

दुसरे, रात्री उशिरा काम संपल्यावर घरी कशी जाशील, असे आपण विचारले होते. मी पंचवटीत राहते, स्वतःची स्कूटर आहे. शिवाय घरच्यांशी बोलून ठरवले आहे, की सीझनचे तीन-चार महिने मी दिंडोरीत मावशीकडे राहीन. त्यामुळे वेळेची अडचण येणार नाही.

एचएसीसीपीचे प्रशिक्षण मुलाखतीच्या वेळी चालू होते. ते आता पूर्ण झाले असून प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

निवड झाली नसेल तर तसे दोन ओळींत कळवले तरी चालेल. मी ते मनापासून स्वीकारीन आणि इथल्या साहेबांना निश्चिंतपणे होकार देईन. फोन करणार असाल तर माझा नंबर अर्जात आहे तोच आहे. दुपारी 1 ते 2 आणि संध्याकाळी 6 नंतर मी लगेच उचलू शकते, बाकी वेळ लाइनवर फोन नेता येत नाही.

आपली नम्र,
वैशाली
पंचवटी, नाशिक

सोबत : एचएसीसीपी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, 8 सप्टेंबरच्या अर्जाची प्रत