यंत्रखरेदीच्या मुदत कर्जाचे परतफेड पत्रक व रोजकीर्द नोंदी

१ एप्रिल २०२२ रोजी घेतलेले ३,३१,००० रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. १० दराने, घटत्या शिलकेवर व्याज आकारून, दर ३१ मार्चला १,३३,१०० रुपयांच्या तीन समान हप्त्यांत फेडावयाचे आहे.

| वर्षअखेर | आरंभीची शिल्लक | व्याज | मुद्दल | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| २०२३ | ३,३१,००० | ३३,१०० | १,००,००० | २,३१,००० |
| २०२४ | २,३१,००० | २३,१०० | १,१०,००० | १,२१,००० |
| २०२५ | १,२१,००० | १२,१०० | १,२१,००० | निरंक |

हप्ता तोच राहतो. मात्र मुद्दल फिटेल तसे व्याज घटते आणि तेवढीच रक्कम पुढच्या हप्त्यात मुद्दलाकडे वळते, म्हणून संपूर्ण हप्ता खर्चात टाकणे ही गंभीर चूक ठरते. तीन वर्षांचे एकूण व्याज ६८,३०० रुपये होते.

१ एप्रिल २०२२
बँक खाते नावे ३,३१,०००
मुदत कर्ज खात्यास जमा ३,३१,०००
(कर्जाची रक्कम मिळाली.)

३१ मार्च २०२३
व्याज खाते नावे ३३,१००
मुदत कर्ज खात्यास जमा ३३,१००
(वर्षाचे व्याज आकारले.)

मुदत कर्ज खाते नावे १,३३,१००
बँक खात्यास जमा १,३३,१००
(पहिला हप्ता भरला.)

नफा-तोटा खाते नावे ३३,१००
व्याज खात्यास जमा ३३,१००
(व्याज वर्ग केले.)

३१ मार्च २०२४ आणि ३१ मार्च २०२५ रोजी याच तीन नोंदी केल्या असून, व्याजाच्या रकमा अनुक्रमे २३,१०० व १२,१०० आहेत आणि हप्त्याची रक्कम तीच आहे. व्याज प्रथम कर्ज खात्यास जमा केल्यामुळे त्या खात्याची शिल्लक दरवर्षी पत्रकातील अखेरच्या स्तंभाशी थेट ताडून पाहता येते, आणि फरक आढळल्यास तो शोधल्याखेरीज ताळेबंद पूर्ण करू नये.