शब्दसाखळी : शेवटच्या अक्षरानुसार शब्दयादी (पंच आणि दोन्ही संघांसाठी)

शनिवारच्या सामन्यात प्रत्येक संघाने आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होणारा शब्द 10 सेकंदांत सांगायचा आहे. काना, मात्रा, वेलांटी आणि उकार विचारात घ्यायचे नाहीत, त्यामुळे ‘नदी’ हा शब्द ‘द’चा आणि ‘खडू’ हा ‘ड’चा. जोडाक्षरातील शेवटचे व्यंजन धरायचे, म्हणून ‘शब्द’ ‘द’वर आणि ‘रस्ता’ ‘त’वर संपतो, ‘त्र’ दिसायला स्वतंत्र अक्षर वाटले तरी ‘मित्र’ आणि ‘पत्र’ हे शब्द ‘र’च्याच गटात बसतात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना मात्र स्वतंत्र अक्षरे मानले आहे, कारण त्यांच्यापासून सुरू होणारे शब्द मिळतात.

फक्त एकवचनी नामे आणि विशेषणे चालतील. ‘करणे’, ‘जाणे’, ‘बसणे’ अशी क्रियापदे चालू दिली तर प्रत्येक डाव ‘ण’वरच संपेल, आणि ‘घरात’, ‘झाडावर’ अशी रूपे मान्य केली तर शब्दाचा शेवट हवा तसा वळवता येईल. विशेषनामे आणि एकदा आलेले शब्द बाद समजावेत.

‘र’चा गट सर्वांत सैल आहे: घर, डोंगर, नांगर, घागर, सागर, विचार, चंद्र, यंत्र, वारा, नवरी. येथे कोणी अडत नाही. ‘क’वर पुस्तक, चौक, नाक, चूक, शिक्षक, खिडकी, ‘त’वर रात, पर्वत, भिंत, गणित, माती, ‘न’वर पान, वचन, दुकान, जीवन, योजना, ‘स’वर दिवस, पाऊस, कापूस, आरसा, ‘म’वर काम, नियम, जन्म, क्षमा, ‘ल’वर फूल, जंगल, ढोल, शाल, आणि ‘व’वर नाव, अनुभव, डाव, दिवा हे शब्द संपतात. ‘द’साठी कागद, आनंद, नोंद, यादी, ‘ड’साठी दगड, घुबड, कापड, जबडा, ‘घ’साठी वाघ, मेघ, ओघ, ‘ख’साठी राख, ओळख, तारीख, शाखा हे शब्द हाताशी ठेवावेत. नवख्यांना वळण कळावे म्हणून एक साखळी पुढे दिली आहे: कागद, दगड, डोंगर, राख, खडू, डाव, वाघ, घागर.

खरी चुरस अडचणीच्या अक्षरांवर होते. अंगण, आठवण, कारण, सण, पाणी आणि नाणे हे शब्द ‘ण’वर, तर फळ, वादळ, आभाळ, खेळ, डोळा आणि शाळा हे ‘ळ’वर संपतात. या दोन अक्षरांपासून सुरू होणारा शब्द रोजच्या मराठीत सापडत नाही, म्हणून ‘ण’नंतर ‘न’ आणि ‘ळ’नंतर ‘ल’ घ्यायचा. मागच्या खेपेला एका खेळाडूने ‘पाणी’वर ‘णमोकार’ असे उत्तर दिले आणि सगळा खेळ अर्धा तास वादात अडकला. तो शब्द प्राकृतातला असल्याने यंदा तो मान्य होणार नाही. (उत्तर मात्र हुशारीचे होते, हे मान्य केले पाहिजे.)

‘य’चा गट फसवा आहे. पाय, गाय, सूर्य, न्याय, उपाय, धान्य, वाक्य असे शब्द सहज सुचतात, पण त्यांना उत्तर देताना यश, यात्रा, युक्ती, यमक, युवक, योद्धा एवढ्यावर बरेच जण थांबतात. अनुभवी खेळाडू अशा वेळी ‘यज्ञ’ टाकतो आणि प्रतिस्पर्ध्याला ‘ज्ञ’च्या कोंडीत पकडतो. प्रतिज्ञा, आज्ञा, संज्ञा, कृतज्ञ आणि तज्ज्ञ हे शब्दही तेथेच नेतात. ‘ज्ञान’ आणि ‘ज्ञाता’ वापरून झाले असतील तर ‘ज्ञानेंद्रिय’ हे उत्तम उत्तर ठरते, कारण ते पुन्हा ‘य’वरच संपते आणि टाकलेला पेच टाकणाऱ्यावरच उलटतो.

‘ष’च्या गटात दोष, विष, वर्ष, पुरुष, भाषा हे शब्द येतात, त्यांच्यावर षटकार, षट्कोन, षड्यंत्र, षष्ठी हे उतारे आहेत. ‘क्ष’वर संपणाऱ्या वृक्ष, पक्षी, परीक्षा, कक्षा या शब्दांनंतर क्षण, क्षेत्र, क्षितिज सांगता येतात. ‘छ’साठी गुच्छ, स्वच्छ, इच्छा आणि उत्तरादाखल छत्री, छंद, छाया, ‘ढ’साठी ओढ, वाढ, दाढ आणि उत्तरादाखल ढग, ढाल, ढीग, ‘फ’साठी वाफ, तोफ, बर्फ, ‘थ’साठी ग्रंथ, शपथ, कथा, ‘भ’साठी लाभ, स्तंभ, सभा. ‘झ’ला आमच्या यादीत एकट्या ‘ओझे’चाच आधार आहे.

आई, सुई आणि घाई यांच्यानंतर इ किंवा ई, तर भाऊ आणि खाऊ यांच्यानंतर उ किंवा ऊ यांपैकी कोणतेही अक्षर चालेल. ईर्षा, इमारत, ऊब, उंदीर ही त्यांची उत्तरे. यादीत नसलेला शब्द आला तर पंचांनी शब्दकोश उघडावा, आणि तो शोधताना घड्याळ थांबवावे.