कर्ज मुदतपूर्व फेडल्याबाबत: बेबाकी दाखला व मूळ कागदपत्रे परत मिळण्यासाठी अर्ज

दिनांक : 17 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
वैयक्तिक कर्ज विभाग,
पोवई नाका शाखा, सातारा

विषय : वैयक्तिक कर्ज खाते क्र. वैक/2022/00417 पूर्ण फेडून बंद केल्याबाबत.

मा. महोदय,

फेब्रुवारी 2022 मध्ये मी आपल्या शाखेतून 5,00,000 रुपयांचे वैयक्तिक कर्ज 60 महिन्यांसाठी, 13.5 टक्के स्थिर दराने घेतले होते. हप्ता 11,505 रुपये. मार्च 2022 पासून 5 फेब्रुवारी 2025 पर्यंतचे सर्व 36 हप्ते वेळेवर गेले आहेत, एकही चुकलेला नाही. माझी मुदत ठेव मोकळी झाल्यामुळे उरलेले कर्ज मी एकरकमी फेडले आहे.

आपण दिलेल्या फोरक्लोजर पत्रात 15 फेब्रुवारीपर्यंतचा हिशेब असा होता : शिल्लक मुद्दल 2,40,808 रुपये, दहा दिवसांचे व्याज 891 रुपये, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क 4 टक्के म्हणजे 9,632 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 1,734 रुपये. एकूण 2,53,065 रुपये मी 12 फेब्रुवारीलाच आरटीजीएसने कर्जखात्यात भरले. शुल्क करारात लिहिलेले असल्याने त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पैसे तीन दिवस आधी जमा झाले, त्यामुळे सुमारे 267 रुपये व्याज जास्त गेले आहे. रक्कम लहान आहे, पण हिशेब तंतोतंत मिटावा म्हणून ती माझ्या बचत खात्यात परत करावी. खात्यावर एक रुपयाही येणे किंवा देणे शिल्लक दिसू नये.

आता मुख्य विनंती. खाते पूर्ण बंद झाल्याचे पत्र आणि बेबाकी दाखला मला शाखेच्या शिक्क्यासह, अधिकाऱ्याच्या सहीने मिळावा. त्यात कर्ज खाते क्रमांक, बंद झाल्याची तारीख आणि भरलेली रक्कम स्पष्ट लिहिलेली असावी. शून्य शिल्लक दाखवणारा संपूर्ण खातेउताराही द्यावा.

कर्ज घेताना मी जादा तारण म्हणून एलआयसीची पॉलिसी (विमा रक्कम 3,00,000 रुपये, अखेरचे अंक 2806) असाइन करून मूळ बाँड शाखेत दिला होता. नुसता बाँड परत मिळून माझे काम होणार नाही. पॉलिसी पुन्हा माझ्या नावे रि-असाइन केल्याची सही-शिक्क्याची नोंद हवी, तरच एलआयसी आपल्या दप्तरात बदल करील. त्याशिवाय माझे तीन कोरे सही केलेले धनादेश (000341 ते 000343), माझे जामीनदार श्री. दत्तात्रय बाबूराव निकम यांचे दोन (112208 व 112209) आणि मूळ कर्ज करारही परत हवा. धनादेश नष्ट केले असतील, तर त्यांचे क्रमांक लिहून तसे लेखी द्यावे.

मूळ कागद मुख्य कार्यालयात आहेत, असे मला काउंटरवर सांगण्यात आले. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार, पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांच्या आत मालमत्तेचे मूळ कागद परत करून बोजा उतरवायचा असतो. आपल्याकडून उशीर झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. माझ्याबाबतीत ती मुदत 14 मार्चला संपते, पण त्या दिवशी धूलिवंदनाची सुट्टी आहे. तेव्हा 13 मार्चपर्यंत कागद याच शाखेत मागवून घ्यावेत. मी स्वतः येऊन, यादी तपासून, पोच देऊन घेईन. मला भरपाई नको, कागद हवेत.

5 मार्चच्या आत हप्त्याचा एनएसीएच आदेश रद्द करावा आणि तसे मला कळवावे. नाहीतर फेडलेल्या कर्जाचा हप्ता पगाराच्या खात्यातून पुन्हा जायचा.

सिबिलसह सर्व क्रेडिट माहिती कंपन्यांकडे हे खाते “Closed” असेच कळवावे, “Settled” असे नव्हे. मी सूट मागून तडजोड केलेली नाही, पै न पै फेडली आहे. निकम सरांच्या नावावरील जामिनाची नोंदही त्याच वेळी बंद व्हावी. ते माझ्या शाळेतले सहकारी. 2022 मध्ये माझ्या अडचणीच्या वेळी एका शब्दावर त्यांनी सही केली. आता त्यांना घरासाठी कर्ज घ्यायचे आहे, आणि माझ्या फिटलेल्या कर्जामुळे त्यांची फाईल अडली तर मला ते सहन होणार नाही. त्यांना जामिनातून मुक्त केल्याचे वेगळे पत्र त्यांच्या नावे द्यावे, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच द्यावी. ठरलेल्या मुदतीत काम न झाल्यास मला आधी आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे लागेल. ती वेळ येणार नाही असा मला विश्वास आहे. गेली तीन वर्षे शाखेतील कर्मचाऱ्यांनी मला नेहमीच नीट सहकार्य केले आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
सौ. वैशाली सुभाष घाडगे
सदरबझार, सातारा

सोबत : फोरक्लोजर पत्राची प्रत, आरटीजीएस पावती, कर्ज घेताना दिलेल्या कागदपत्रांच्या यादीची पोच, ओळखपत्राची प्रत, बचत खात्याच्या पासबुकाचे पहिले पान.

प्रत माहितीसाठी : श्री. दत्तात्रय बाबूराव निकम, जामीनदार