कुटुंब निवृत्तिवेतनधारकाच्या चुकीच्या जन्मतारखेची दुरुस्ती करणेबाबत अर्ज

दिनांक : २ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. कोषागार अधिकारी,
निवृत्तिवेतन शाखा,
जिल्हा कोषागार कार्यालय

अर्जदार : श्रीमती शेवंताबाई नामदेवराव वाकोडे, मु. पो. पिंपळखुटा

विषय : कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नोंदीत माझी जन्मतारीख १९ ऑगस्ट १९५४ अशी पडली आहे, ती १९ ऑगस्ट १९४४ अशी दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय,

माझे पती कै. नामदेवराव सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याच्या कडा भरणे, गिट्टी पसरणे, पावसाळ्यात मोऱ्या मोकळ्या करणे हे काम त्यांनी आयुष्यभर केले. ते ३१ मे १९९६ रोजी निवृत्त झाले आणि ११ मार्च २००३ रोजी वारले. तेव्हापासून मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते दर महिन्याला खात्यात जमा होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच पैशावर मी माझ्या घरात मानाने राहते. पीपीओचा क्रमांक आणि खाते क्रमांक हाताने लिहिण्याऐवजी पीपीओची व पासबुकाच्या पहिल्या पानाची छायाप्रतच जोडली आहे. एका आकड्याच्या चुकीने काय होते ते मी भोगत आहे, त्यामुळे पुन्हा नकलताना काही चुकायला नको.

मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, तेव्हा नात सोबत होती. ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात वाढ मिळते, हे तिने विचारले. बँकेतल्या साहेबांनी संगणकावर बघून सांगितले की, आजींचे वय ७० दिसते, वाढ २०३४ साली लागेल. जन्मतारीख बदलणे त्यांच्या हातात नाही, कोषागारातून बदलून आणा, असेही ते म्हणाले. मला तेव्हाच ८० पूर्ण होऊन तीन महिने होत आले होते.

त्यानंतर मी आपल्या कार्यालयात दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगितले. महोदय, मी शाळेत गेलेच नाही. आमच्या गावात तेव्हा पोरींना शाळेत घालत नव्हते. मला सही येत नाही, अंगठा करते. जी टी.सी. कधी झालीच नाही ती मी कोठून आणू? दुसऱ्या वेळी आधार कार्ड दाखवले. त्यावर तारीख नाही, फक्त जन्मवर्ष १९४४ आहे, म्हणून ते चालले नाही. त्याच वेळी असेही सांगण्यात आले की, जन्मतारीख नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत बदलावी लागते, आता मुदत गेली. ती अट कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या जन्मतारखेसाठी आहे, असे माझ्या नातीने वाचले आहे. माझ्या पतीची जन्मतारीख, त्यांची नोकरी, त्यांची निवृत्ती यांतले काहीच मी बदलायला सांगत नाही. मी कधी सरकारी नोकरीत नव्हते. फक्त त्यांच्या बायकोचे वय चुकीचे लिहिले गेले आहे, ते बरोबर करा एवढेच मागणे आहे.

टी.सी. नाही म्हणून मी कोतवाल बुकाची नक्कल काढली. आपल्या भागात गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहून ठेवत असे आणि ती बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात जपलेली आहेत. माझे माहेर ज्या तालुक्यात आहे तिथे माझा मुलगा चार वेळा गेला. पाने हात लावला की तुटतात, पण आमच्या गावची बुके सापडली. १९४४ सालच्या पानावर १९ ऑगस्टच्या तारखेला माझ्या वडिलांच्या नावापुढे 'मुलगी झाली' अशी नोंद आहे. तिची साक्षांकित नक्कल सोबत आहे.

या नोंदीत माझे नाव नाही, हे मी आपणहून सांगते. त्या काळी बारसे होण्याआधीच कोतवाल लिहून नेत असे, त्यामुळे बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच पानावर येई. ती मुलगी मीच कशावरून, असे आपण विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे. म्हणून मुलाने १९३६ पासून १९५६ पर्यंतच्या सगळ्या नोंदी शोधायला लावल्या. माझ्या वडिलांच्या नावावर तीनच जन्म आहेत. १९३९ मध्ये मुलगा, १९४४ मध्ये मुलगी, १९४८ मध्ये मुलगा. आम्ही दोन भाऊ आणि मी, मला बहीण नाही. १९५४ साली माझ्या वडिलांच्या घरी कोणाचाही जन्म लिहिलेला नाही.

आणि तो लिहिलेला असूच शकत नाही. माझी आई १९५२ च्या उन्हाळ्यात वारली. त्याच बुकात ७ मे १९५२ या तारखेला तिच्या मृत्यूची नोंद आहे, तीही नक्कल जोडली आहे. मी तेव्हा सात वर्षांची होते. धाकट्या भावाला काखेत घेऊन मी दारात उभी होते, आणि आत बाया रडत होत्या. ते अजून डोळ्यांपुढे आहे. वडिलांनी दुसरे लग्न केले नाही. आई १९५२ मध्ये गेली, तर तिची मुलगी १९५४ मध्ये कशी जन्मेल? आपल्या नोंदीतल्या तारखेप्रमाणे मी माझ्या आईच्या मरणानंतर दोन वर्षांनी जन्मले. ही नोंद मला फार लागते, महोदय. पैशाहूनही जास्त लागते.

माझा थोरला मुलगा १२ जून १९६३ चा आहे. त्याच्या शाळेच्या दाखल्याची प्रत आहे. १९५४ धरले, तर मी आठ वर्षांची असताना त्याला जन्म दिला असे होते. निवडणूक ओळखपत्र माझ्याजवळ जुने आहे, त्यावर १ जानेवारी १९९५ रोजी वय ५० छापलेले आहे. तेही जुळते. ७५ वर्षांवरच्या माणसांना एस.टी. मोफत झाली, तेव्हापासून म्हणजे २०२२ पासून मी आधार कार्ड दाखवून तिकिटाशिवाय प्रवास करते. आपल्या कार्यालयातही त्याच प्रवासाने आले. राज्य सरकारच्या एका ठिकाणी माझे वय ७५ च्या वर मान्य आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मी अजून ७१ चीच आहे.

चूक कशी झाली असेल, याबद्दल माझ्याजवळ एक कागद आहे. निवृत्तीच्या वेळी पतीने कुटुंबाच्या माहितीचा नमुना भरून दिला होता, त्याची कार्बन प्रत त्यांनी लोखंडी पेटीत ठेवली होती. आम्ही ती या वर्षी शोधून काढली. त्यात माझी तारीख १९-८-१९४४ अशी मराठी आकड्यांत लिहिलेली आहे. ती तारीख माझ्या थोरल्या भावाने सांगितली होती. मी तान्ह्या पोळ्याची आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होते. माझी आत्या सांगायची, "पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारात आले अन् इकडं पोरगी झाली." १९४४ साली पोळा १८ ऑगस्टला, शुक्रवारी होता, आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, शनिवारी १९ तारखेला. जुन्या पंचांगावरून आपण हे तपासू शकता.

त्या कार्बन प्रतीत सालातला तिसरा आकडा नीट बघावा. घाईत लिहिलेला ४ वरून मिटला आहे आणि तो ५ सारखा दिसतो. दिवस तोच, महिना तोच, सालात फक्त तो एक आकडा वेगळा आहे. कागदावरून रजिस्टरात किंवा रजिस्टरातून संगणकात उतरवताना तो ५ वाचला गेला असावा. ते कोणत्या टेबलावर झाले हे मला माहीत नाही आणि कोणाला जबाबदार धरावे अशी माझी इच्छाही नाही. हजारो कागद हाताळताना असे होते. पण आता ते डोळ्यांसमोर आले आहे, तर तसेच राहू नये.

माझी विनंती अशी की, माझी जन्मतारीख १९ ऑगस्ट १९४४ अशी दुरुस्त करावी आणि ८० वर्षे पूर्ण झाल्यापासून नियमाप्रमाणे जी वाढ व थकबाकी निघते ती मला द्यावी. ही दुरुस्ती आपल्या अधिकारात बसत नसेल, तर हा अर्ज परत न करता पतीच्या मूळ कार्यालयामार्फत महालेखापाल कार्यालयाकडे पाठवावा आणि कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला ते मला लेखी कळवावे. आणखी एखादा कागद लागत असेल, तर तोही कृपया एकदाच आणि लेखी सांगावा. तोंडी सांगितलेले घरी पोचेपर्यंत बदलते. पहाटेची गाडी धरून दिवसभर बाकावर बसायचे आणि एका कागदासाठी परत जायचे, हे माझ्या गुडघ्यांना आता झेपत नाही.

मला समक्ष पाहणे किंवा जबाब घेणे आवश्यक वाटल्यास ते तालुक्याच्या उपकोषागारात घ्यावे, तेवढे मी येऊ शकते. माझा धाकटा भाऊ हयात आहे, ७७ वर्षांचा आहे. आईच्या मरणाच्या वेळी तो फार लहान होता, तरी मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे हे तो शपथेवर सांगायला तयार आहे. त्याचे प्रतिज्ञापत्र आणि माझे प्रतिज्ञापत्र, दोन्ही तहसील कार्यालयात करून जोडले आहेत.

निवृत्तिवेतन ज्या माणसाच्या कष्टाचे आहे, तो भर उन्हात डांबराजवळ उभा राहून आला होता. फॉर्म भरताना त्याने माझी तारीख दोनदा विचारून लिहून घेतली होती. त्याने बरोबर लिहिले होते, हे कागदावर यावे असे मला वाटते.

आपली विश्वासू,

(डाव्या हाताचा अंगठा)
श्रीमती शेवंताबाई नामदेवराव वाकोडे

वरील अर्ज आजीने सांगितल्याप्रमाणे मी लिहिला. पूर्ण वाचून दाखवला, तिने बरोबर असल्याचे सांगून माझ्यासमोर अंगठा केला.
वैशाली वाकोडे (नात)

सोबत : पीपीओ व पासबुकाची छायाप्रत, कोतवाल बुकातील १९३९, १९४४ व १९४८ च्या जन्मनोंदी आणि १९५२ ची मृत्यूनोंद यांच्या साक्षांकित नकला, १९३६ ते १९५६ या काळात अन्य जन्मनोंद नसल्याबाबत अभिलेख कक्षाचा दाखला, कुटुंब माहितीच्या नमुन्याची कार्बन प्रत (मूळ प्रत एकच असल्याने छायाप्रत जोडली आहे, मूळ मागाल तेव्हा समक्ष दाखवीन), थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला, निवडणूक ओळखपत्र व आधार कार्ड यांच्या प्रती, दोन प्रतिज्ञापत्रे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी.