बाईंच्या चौतीस वह्या

अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापक सर, संस्थेचे पदाधिकारी, सरपंच, शाळेचा सगळा स्टाफ, बाईंच्या घरची मंडळी आणि वेगवेगळ्या बॅचेसच्या माझ्या भावाबहिणींनो, सगळ्यांना नमस्कार. आणि बाई, तुम्हाला वाकून नमस्कार.

मी १९९९च्या दहावीचा. त्रिशूरला माझं सोनं गाळायचं, गलाईचं दुकान आहे. आपल्या खानापूर तालुक्यात हे वेगळं सांगायला नको. या हॉलमध्ये निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी केरळात नाहीतर तमिळनाडूत मूस तापवत बसलेलं आहे. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, म्हणून मैदानातला कार्यक्रम इथं आत घ्यावा लागला. दाटीवाटीनं बसलोय, पण वर्गातही असेच बसायचो.

दिवाळीत गावी आलो होतो, तेव्हा बाईंच्या घरी गेलो. मे अखेरीला बाई रिटायर होणार हे कळलं होतं. सगळ्या बॅचेसकडून आठवणी गोळा कराव्यात असं आमचं ठरलं होतं. बाईंना विचारलं, तर त्या आत गेल्या आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर घेऊन आल्या. ट्रंकेत शंभरपानी वह्या. जून १९९१पासून दर वर्षाची एक, अशा चौतीस. प्रत्येकीवर खाकी कव्हर आणि त्यावर फक्त साल.

मला वाटलं मार्कांच्या याद्या असतील. मार्क कुठंच नव्हते. त्या वह्यांत बाईंनी आमच्या चुका लिहून ठेवल्या होत्या. नावंही नव्हती, नुसते हजेरी नंबर. मी विचारलं, ‘बाई, नावं का नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘चूक पोराच्या नावावर चढवायची नसते रे. चूक गणिताची असते.’

नावं नसल्यामुळं झालं असं, की मी एकेक वही वाचत गेलो आणि चौतीस वर्षांची पोरं हळूहळू एकमेकांत मिसळत गेली. शेवटी एकच विद्यार्थी डोळ्यासमोर उभा राहिला. आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे. तो तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

हा विद्यार्थी हातचा विसरतो. १९९१च्या वहीत पहिल्याच पानावर आहे : ‘१४ – हातचा लिहितो, मिळवायला विसरतो.’ आणि मागच्या वर्षीच्या वहीत, ‘८ – हातचा राहिला.’ मधल्या काळात पाटी गेली, अभ्यासक्रम बदलला, बीजगणित आणि भूमितीचे पेपर चाळीस-चाळीस मार्कांचे झाले, खिशात मोबाईल आला. हातचा मात्र राहायचा तो राहिलाच.

हा विद्यार्थी उत्तर बरोबर काढतो, पण पुढं एकक लिहीत नाही. समासात बाईंचा लाल प्रश्न, ‘लिटर की किलो?’ त्याला पायऱ्या लिहायचा कंटाळा येतो. वजाचं चिन्ह कंसाबाहेर काढताना आतलं चिन्ह बदलायचं त्याच्या लक्षात राहत नाही. घाई करतो. प्रमेयाची आकृती सुरेख काढतो आणि सिद्धता अर्ध्यावर सोडतो.

तो कधी मुलगा असतो, कधी मुलगी. १९९४ची एक नोंद आहे, ‘२७ – बाजारच्या दिवशी गैरहजर. आईबरोबर भाजी विकते. तोंडी हिशेब पक्का, वहीत चुकतो. हिला आधी तोंडी विचारायचं, मग लिहायला लावायचं.’ खाली दोन महिन्यांनंतरची ओळ, ‘२७ – वहीतही जमायला लागलं.’ पावशेर, अर्धा किलोचे हिशेब चुटकीसरशी करणारी पोरगी फळ्यासमोर का गप्प होते, हे बाईंनी हेरलं होतं.

आणखी एक. मदुराईहून पाचवीला गावी आलेला मुलगा. आईवडील तिकडं दुकानावर, हा इथं आजीजवळ. आमच्यातल्या किती जणांचं बालपण असं गेलंय! आठवीत तो बाईंच्या हाताखाली आला. नोंद अशी आहे, ‘३ – बेरीज करताना ओठ हलतात. तमिळमध्ये मोजतो. मोजू दे.’ एवढंच. मी ही ओळ वाचली आणि वही मिटून जरा वेळ अंगणात जाऊन बसलो. माझा धाकटा मुलगा मल्याळममध्ये मोजतो.

२०१२-१३ची वही पातळ आहे. त्या वर्षी दुष्काळानं आपल्याकडं चारा छावण्या पडल्या होत्या. जनावरं छावणीत, जनावरांमागं माणसं छावणीत. बाईंनी लिहिलंय, ‘१९, २२, ३० – छावणीतून येतात. गृहपाठाला उजेड नाही. मधल्या सुट्टीत करून घ्यायचा.’ पुढं टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं, द्राक्षं आली, काहींच्या घरी ऊस आला. नंतरच्या वह्यांत गैरहजेरीचं कारण ‘पाणी’ असं फारसं दिसत नाही. ‘बेदाणा शेडवर’ असं दिसतं.

आता २०२०-२१ची वही. ती वाचायला मला सगळ्यात जड गेली. त्याआधीच्या मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, शाळा बंद झाली, आणि जूनपासून अभ्यास फोनवर. बाई गणितं पाठवायच्या, पोरं सोडवलेल्या वहीचे फोटो पाठवायची. ऑगस्टच्या पानावर एकच वाक्य आहे, ‘सगळ्यांची उत्तरं बरोबर. चुका दिसेनात.’

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. बाई घाबरल्या. चूक दिसली नाही तर पोराचं कुठं अडलंय ते कळणार कसं? मग त्यांनी फोन करून तोंडी गणितं घालायला सुरुवात केली. रेंज नसलेल्या वस्तीवर मास्क लावून स्वतः गेल्या, ओट्यावर लांब बसून एकेकाला सोडवायला लावलं. सप्टेंबरच्या पानावर बाईंचं अक्षर पुन्हा मोकळं झालेलं दिसतं, ‘११ – हातचा विसरला!’ पुढं उद्गारचिन्ह आहे. त्या बॅचची दहावीची परीक्षा झालीच नाही. पण त्यांची चूक कुणीतरी शोधून काढली, घरी जाऊन काढली. ती मुलं इथं मागं उभी आहेत.

एवढं सगळं जुळवून मी मनात एक सरासरी विद्यार्थी तयार केला होता. भाषणही लिहून झालं होतं. मग गाडीत वह्या परत चाळताना एक गोष्ट लक्षात आली. काही नंबरांच्या वाट्याला वर्षभरात एकच ओळ आहे. काहींना दोन-दोन पानं आहेत. हुशार पोरांवर बाईंची एक ओळ खर्ची पडलीय. २००८ला ४१ नंबरच्या अकरा नोंदी आहेत.

त्या वाचून दाखवतो. ‘४१ – अपूर्णांक. ४१ – अपूर्णांक, भाकरीवर करून दाखवला. ४१ – चाळणी परीक्षेत नापास. ४१ – शाळा सोडणार म्हणतो, मागावर जाणार. ४१ – घरी गेले, वडील भेटले नाहीत. ४१ – वडील भेटले. ४१ – आला. ४१ – छेद समान करता आला. ४१ – दोन दिवस नाही. ४१ – आला. ४१ – बसला परीक्षेला.’ पास झाला की नाही, ते वहीत नाही. बाईंना विचारलं नाही. तो इथं असेल तर त्यालाच माहीत.

आणि २००३ची एक मुलगी. ‘१६ – भूमितीत वर्गात पहिली. लग्न ठरलंय असं कळलं. घरी जाऊन आले.’ आठवड्यानं, ‘पुन्हा गेले.’ मग, ‘आजीशी बोलले. आजी ऐकतेय.’ मार्चच्या पानावर, ‘१६ – आजी स्वतः केंद्रावर सोडायला आली.’ बाईंनी लिहिलेल्या चुकांच्या वहीतली ही ओळ. चूक कुणाची ते बाईंनी लिहिलं नाही, दुरुस्त मात्र करून घेतली.

तर बाईंचा विद्यार्थी नेमका कोण, हे मला तेव्हा कळलं. तो आज सीमेवर आहे, पुण्याच्या दवाखान्यात नर्स आहे, एसटीचा कंडक्टर आहे, झेडपीच्या शाळेत शिकवतो, विट्यात मागावर आहे, कोंबड्यांचं शेड चालवतो, कोचीला, कोइमतूरला, त्रिशूरला सोनं गाळतो. हे सगळे मिसळून जो चेहरा होतो, त्यात सगळ्यांचा हिस्सा सारखा नाही. जो अडला, त्याचं वजन त्यात जास्त आहे. बाईंनी तेच वजन चौतीस वर्षं उचललं.

हे मला कळायला माझीच नोंद सापडावी लागली. १९९८-९९ची वही, माझा नंबर २३. बाई शेकडेवारी शिकवताना आमच्या घरच्या धंद्यातली गणितं घालायच्या. त्यातलं एक : १५ ग्रॅम सोनं ८० टंचाचं, म्हणजे शंभरात ८० भाग चोख, आणि २५ ग्रॅम ९२ टंचाचं, एका मुशीत वितळवलं, तर लगडीचा टंच किती? मी ८० आणि ९२ची बेरीज करून दोननं भागलं. ८६ लिहिलं. बाईंनी नोंद केलीय, ‘२३ – सरळ सरासरी घेतो. वजन विसरतो. पुन्हा द्यायचं.’ पुढं वेगळ्या शाईत एक शब्द, ‘राहिलं.’

ते का राहिलं, ते मला आठवतं. त्याच आठवड्यात माझी आजी गेली. मी पंधरा दिवस शाळेत नव्हतो आणि आल्यावर बाईंनी मला गणिताचं काहीच विचारलं नाही. डब्यातली चटणी-भाकरी अर्धी करून पुढं सरकवायच्या. पण ते एक गणित माझ्याकडं बाकी आहे हे त्या विसरल्या नव्हत्या. सव्वीस वर्षं ते वहीत होतं.

काल रात्री गाडीत सोडवलं. १५ ग्रॅममध्ये चोख १२. २५ ग्रॅममध्ये चोख २३. दोन्ही मिळून ४० ग्रॅममध्ये ३५ ग्रॅम.

बाई, वही आणलीय. सगळ्या पायऱ्या लिहिल्यात, एककही लिहिलंय. उत्तर ८७.५ टंच येतंय. लाल पेनही आणलाय. तपासून द्या.