विषय: टकटक आवाज करणारी 2 टीबी पोर्टेबल हार्ड डिस्क – डेटा मिळण्याची शक्यता, खर्च आणि हाताळणी

नमस्कार,

मी संदीप मोहिते, राहणार काळाचौकी. काल दुपारी लॅमिंग्टन रोडला आपल्या दुकानात चौकशीला आलो होतो. काउंटरवरच्या ताईंनी सगळं मेलवर सविस्तर लिहून पाठवायला सांगितलं, म्हणून लिहितो आहे. डिस्क अजून माझ्याकडेच आहे. आपलं उत्तर आल्यावरच घेऊन येईन.

डिस्क 2.5 इंची, 2 टीबीची पोर्टेबल आहे, 2018 साली घेतलेली. वॉरंटी कधीच संपली आहे, त्यामुळे उघडल्याने ती जाईल असा प्रश्न नाही. विंडोजवरच वापरली आहे, फॉरमॅट एनटीएफएस. पासवर्ड मी कधी लावला नव्हता. पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये डेटा बोर्डावरच एन्क्रिप्ट होतो असं कळलं, म्हणून केसिंग आणि मूळ केबलसकट जशीच्या तशी आणणार आहे.

गेल्या शनिवारी रात्री कॉपी चालू असताना मुलाचा पाय वायरीत अडकला आणि डिस्क टेबलावरून लादीवर पडली. उंची अडीच फूट असेल. पडली तेव्हा ती फिरत होती. लगेच काढून परत लावली, तर आधी फिरण्याचा नेहमीचा आवाज आला आणि मग टक, टक, टक असं आठ-दहा वेळा सारख्या अंतराने झालं. त्यानंतर फिरणं थांबलं आणि सगळं शांत. दुसऱ्या केबलने भाच्याच्या लॅपटॉपवर लावली, तिथेही तेच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती Not Initialized दिसत होती आणि Initialize करायचं का असं विचारत होती. मी Cancel केलं.

पुढचं सांगायला मला जड जातं, पण आपल्यापासून लपवून उपयोग नाही. रविवारी घाबरून मी ती घराजवळच्या एका कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे नेली. त्याने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून जवळजवळ वीस मिनिटं ती चालू ठेवली. सॉफ्टवेअरला डिस्क दिसलीच नाही, आवाज मात्र पूर्ण वेळ चालू होता. मग तो म्हणाला, झाकण उघडून बघतो, नाहीतर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. मी दोन्हीला नाही म्हणून डिस्क परत घेतली. स्क्रू आणि स्टिकर शाबूत आहेत. तेव्हापासून ती एकदाही लावलेली नाही. आज बबल रॅपमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

आता त्यात काय आहे ते. माझे वडील फिनले मिलमध्ये साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडील गेल्यावर मला जाणवलं की त्या दीड-दोन वर्षांत आमच्या चाळीत घरं कशी चालली, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही. म्हणून 2016 पासून त्यांच्या बरोबरीच्या माणसांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. काळाचौकी, लालबाग, परळ, आणि संपानंतर कोकणात गावी गेलेले काही जण. अशा 31 मुलाखती झाल्या. 9 पेनड्राइव्हवर आहेत. 22 फक्त या डिस्कवर आहेत. त्यातली 14 माणसं आज हयात नाहीत. एका काकूंनी खानावळ चालवून बारा बदली कामगारांना उधारीवर जेवण घातलं होतं. वहीतली प्रत्येकाची उधारी त्यांनी मला नावानिशी वाचून दाखवली होती. ती वही पुढे 2019 च्या पावसात भिजून गेली. आता ते वाचन फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

डिस्कवर एकूण 1.3 टीबी भरलेलं आहे. बाकी सगळं गेलं तरी चालेल, सिनेमे वगैरे आहेत. मला हवं आहे ते फक्त Girni_Mulakhati हे फोल्डर. त्यात .wav फाइल्स आहेत, त्या 22 मुलाखती मिळून 33 तासांच्या, अंदाजे 21 जीबी. म्हणून पहिला प्रश्न हाच: हेड बदलून डिस्क वाचता आली, तर आधी फाइल टेबल वाचून तेवढ्याच फोल्डरचे सेक्टर प्रथम घेता येतील का? नवी हेडं किती वेळ टिकतील याचा भरवसा नसतो असं मी समजतो. तो जो काही वेळ मिळेल तो सिनेमांवर जाऊ नये.

दुसरं शक्यतेबद्दल. मला धीर देणारं उत्तर नको, खरं हवं आहे. हेडं खराब झालेली असणं आणि प्लॅटरवर ओरखडे पडलेले असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला माहीत आहे. त्या वीस मिनिटांनी ओरखडे पडले असण्याची भीती मनातून जात नाही. आपल्या अनुभवात पडलेल्या आणि टकटक करणाऱ्या पोर्टेबल डिस्कपैकी किती परत मिळतात? प्लॅटरवर घासल्याची वर्तुळं दिसली तर तिथेच थांबून मला फोन कराल का? अशा पृष्ठभागावर नवी हेडं चालवून उरलेलंही घालवायचं नाही. हवं तर मी त्या वेळी दुकानात येऊन बसेन.

डिस्क उघडण्याचं काम आपल्याकडेच क्लीन बेंचवर होतं, की बाहेर पाठवता? बाहेर पाठवत असाल तर कुठे आणि कशी, ते आधी कळवा. विचारल्याशिवाय ती कुरियरने जाऊ नये. डोनर डिस्क आपल्याकडे असते का, की शोधावी लागते? स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि तारीख दिसेल असा फोटो सोबत जोडला आहे.

खर्चाचं मोकळेपणाने सांगतो. फोनवर एका ठिकाणी 8 हजार सांगितले, दुसऱ्या ठिकाणी 45 हजार. डिस्क कोणीच पाहिलेली नाही, तरी आकडा दोघांनीही दिला. मी जीएसटी धरून 35 हजारांपर्यंत जाऊ शकतो, त्यापुढे भावाशी बोलावं लागेल. तपासणीचे किती, डोनरचे किती आणि डेटा मिळालाच नाही तर त्यातलं काय द्यावं लागेल, हे वेगवेगळं लिहून द्याल का? डोनरचे पैसे परत मिळणार नसतील तर माझी तक्रार नाही, फक्त आधी माहीत असावं. अर्धवट डेटा मिळाला, तर पैसे देण्याआधी फाइल्सची यादी आणि दोन-तीन रेकॉर्डिंगचे तुकडे ऐकायला मिळावेत.

काही मुलाखतींत लोकांनी घरातल्या, कर्जाच्या, भांडणाच्या गोष्टी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितल्या आहेत. त्यामुळे आपल्याकडची प्रत किती दिवस ठेवता आणि ती पुसल्याचं लिहून देता का, तेही कळवा. मूळ डिस्क, उघडलेली असली तरी, मला परत हवी आहे.

आणखी एक. रेकॉर्डरचं 32 जीबीचं मेमरी कार्ड मी दर वेळी फॉरमॅट करून वापरत होतो. शेवटच्या फॉरमॅटनंतर त्यावर एकच छोटं रेकॉर्डिंग झालं आहे. त्याआधीच्या दोन-तीन मुलाखती त्यावरून निघू शकतील असं वाटतं. कार्ड आता बाजूला काढून ठेवलं आहे, डिस्कबरोबर आणू का?

पाऊस आहे, म्हणून लोकलच्या गर्दीत न येता टॅक्सीने येईन. अँटिस्टॅटिक पिशवी लागत असेल तर सांगा, लॅमिंग्टन रोडवरूनच घेईन. मी संध्याकाळी 7 नंतर किंवा शनिवारी दिवसभर येऊ शकतो. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
संदीप मोहिते
काळाचौकी, मुंबई