सहा ते नऊची सोबत हवी आहे

वय 56. पती जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा आणि मुलगी आपापल्या संसारात, दोघंही दूर राहतात. या प्रोफाइलबद्दल दोघांना माहीत आहे. मुलीने आधी तोंड वाकडं केलं, मग फोटो तिनेच निवडला. त्यात मी जरा जास्तच हसते आहे, एरवी एवढी हसत नाही.

गणिताची शिक्षिका होते. आता निवृत्त आहे, सकाळी दोन तास शिकवण्या घेते. दिवस कामात निघून जातो. अडचण संध्याकाळची आहे. दिवे लावले की घर एकदम मोठं वाटायला लागतं. टीव्ही लावते, पण तो आवाजापुरता. सहा ते नऊ हे तीन तास काही केल्या सरत नाहीत.

त्यासाठी सोबत शोधते आहे. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी भेटावं, फिरायला जावं, कधी नाटक बघावं आणि परत येताना त्यावर भांडावं. मी भरभर चालते, मात्र जिना आला की डावा गुडघा कुरकुरतो. शब्दकोडं रोज सोडवते, आडवे शब्द माझे, उभे तुम्ही घ्या. रमीत हरले तर पुढचा डाव मागते, हे आधीच सांगून ठेवते. बोलायला काही नसेल तेव्हा नुसतं शेजारी बसलेलंही मला चालतं.

लग्नाला माझा नकार नाही, घाई मात्र अजिबात नाही. वर्ष-दोन वर्षं ओळख होऊ दे, मग बघू. तोवर घरं वेगळी, खर्च आपापला. याआधी दोघांना भेटले. एकाने पहिल्याच भेटीत घर कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. दुसऱ्यांना खरं तर आजारी आईसाठी माणूस हवं होतं. त्यांची अडचण कळली, पण मी त्याचं उत्तर नव्हते.

ह्यांचा फोटो भिंतीवर आहे आणि तिथेच राहील. बोलण्यात त्यांचं नाव येईल. तुमच्याही आयुष्यात कुणी असेल, तर त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोला, मला ऐकायला आवडेल.

तुमचं वय 54 ते 65 असावं. विधुर, घटस्फोटित, अविवाहित, काहीही असा. विवाहित असाल तर कृपा करून लिहू नका. मुलं असतील तर त्यांच्यापासून लपवून भेटायचं नाही. उसने पैसे मागितलेत तर संवाद तिथेच थांबेल. पहिल्या काही भेटी दिवसा, चारचौघांत. फोन नंबर त्यानंतर.

नुसतं ‘हाय’ पाठवलंत तर उत्तर येणार नाही. काल संध्याकाळी सहा ते नऊ तुम्ही काय केलंत, ते चार ओळींत लिहा. काहीच केलं नसेल, तर तेही लिहा.